बैठकीआधीचे तेवीस दिवस

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून फोन आला तेव्हा मी कुपवाडच्या कारखान्यात नोव्हेंबरची घट काढत बसले होते. हळकुंड किती आलं, पावडर किती निघाली, मधले किलो कुठे गेले, हा हिशेब मी दर महिन्याला स्वतः करते. पलीकडे एका पॅकबंद मसाल्याच्या कंपनीचे खरेदीप्रमुख होते. आमचे नमुने त्यांना पसंत पडले होते. महिन्याला चाळीस टन हळद पावडर, तीन वर्षांसाठी, असा त्यांचा विचार होता. "पुढच्या मंगळवारी आम्ही सांगलीला येतो. पाच जण असू. ॲग्रीमेंट आमचं तयार आहे, आम्हीच घेऊन येतो. तुम्ही फक्त वेळ ठेवा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, जरूर या, पण घाई नको. मला तीन आठवडे द्या." त्यांना नवल वाटलं असावं. एवढं मोठं काम दारात आलंय आणि ही बाई तारीख पुढे ढकलतेय. पण संक्रांत उलटली की मार्केट यार्डात नवी हळद यायला लागते आणि मग आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याच्या आत बैठक व्हायला हवी होती, मात्र तयारीशिवाय नको होती. त्याला कारण होतं.

दीड वर्षापूर्वी दुसऱ्या एका कंपनीबरोबर आमची अशीच बोलणी झाली होती. तेव्हा आम्ही काहीच ठरवलं नव्हतं. पाहुणे आले, कारखान्याच्या ऑफिसात बसले आणि चहा झाल्यावर त्यांनी टेबलावर एकतीस पानांचा इंग्रजी करार ठेवला. अण्णा, म्हणजे आमचे मालक, आणि मी सबंध दिवस त्या पानांच्या मागे धावत होतो. ते म्हणत, "आता कलम सात," आणि आम्ही सातवर बोलायचो. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की माल त्यांच्या गोदामात नापास झाला तर परतीचं भाडं कुणाचं, हा आमचा सगळ्यात मोठा प्रश्न दिवसभरात एकदाही निघाला नव्हता. त्यांच्या कागदात त्यावर ओळच नव्हती, आणि ओळ नाही म्हणून कुणाच्या तोंडी विषयही आला नाही.

दुसरं याहून वाईट झालं. दरपत्रकाच्या जादा प्रती हव्या होत्या म्हणून मी मुलाला यार्डाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवलं. एक प्रत वाकडी निघाली, ती त्याने तिथेच टाकली. चौथ्या दिवशी आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचा इचलकरंजीहून फोन आला, "अण्णा, तुम्ही आता मोठ्या लोकांचे झालात म्हणे." त्याने पुढच्या महिन्याची ऑर्डर निम्म्यावर आणली. तो करार झालाच नाही, गिऱ्हाईक मात्र दुखावलं ते दुखावलंच. त्या कागदावर कंपनीचं नाव नव्हतं, फक्त दर आणि टन होते. पण सांगलीच्या हळदबाजारात एवढी हळद महिन्याला कोण दळू शकतो, हे बोटावर मोजण्याइतक्यांनाच लागू पडतं.

म्हणून या वेळी मी अण्णांना म्हटलं, "बैठकीत काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. पण बैठकीत कोण असेल, बाहेर काय जाणार नाही आणि पहिला कागद कुणाचा, हे तीन मुद्दे आधी लेखी ठरल्याशिवाय मी खोली बुक करणार नाही." अण्णा हो म्हणाले. खरं तर त्यांना हे सगळं थोडं जास्तच वाटत होतं. त्यांचा पिंड समोरासमोर बसून शब्दावर व्यवहार करण्याचा आहे आणि त्या शब्दावरच हा कारखाना उभा राहिलाय, हे मी जाणून आहे.

पहिलं पत्र मी माणसांबद्दल लिहिलं. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, हुद्दा, तो कंपनीच्या पगारावर आहे की बाहेरचा, आणि कुठल्या मुद्द्यावर त्याचं म्हणणं शेवटचं असेल, एवढी माहिती मागितली. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो विचारावाच लागतो. नाहीतर आपण खोलीत आपला शेवटचा आकडा सांगून बसतो आणि समोरचा म्हणतो, "छान, मी बोर्डापुढे ठेवतो." मग आपला शेवटचा आकडा त्यांच्या लेखी पहिला होतो. उत्तर आलं, त्यात खरेदीप्रमुखांनी स्पष्ट लिहिलं होतं की दराचं सूत्र आणि मालाची प्रत ते जागेवर ठरवू शकतात, पण तीन वर्षांची मुदत आणि आगाऊ रक्कम बोर्डाकडे जाईल. एवढं कळल्यावर आम्हीही ठरवलं की आगाऊ रकमेवर त्या दिवशी आपला तळ दाखवायचा नाही.

यादीत पाच नावं होती. चौथं वाचलं आणि मी थांबले. हुद्द्याच्या जागी 'सल्लागार, मसाले' असं होतं. हे गृहस्थ आम्हाला माहीत होते. सांगलीतल्याच आणखी एका हळद दळणाऱ्या कारखान्याला ते सल्ला देतात. माणूस सज्जन आहे, माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. पण आमची घट किती, कुठल्या भागातून हळकुंड येतं, दळणाच्या यंत्राला, पल्व्हरायझरला, तासाला किती माल जातो, हे ऐकल्यावर ते डोक्यातून काढून टाकणं कुणालाच जमणार नाही. शिवाय कंपनीने केलेला गोपनीयतेचा करार त्यांच्या नोकरांना लागू होतो तसा बाहेरच्या सल्लागाराला आपोआप लागू होईल, असं धरून चालता येत नाही. तो 'प्रतिनिधी' या शब्दात बसतो का, हे करारात लिहावं लागतं. मी नाव न घेता लिहिलं, "जी व्यक्ती याच धंद्यातल्या दुसऱ्या उत्पादकाला सेवा देते, ती या बैठकीत नसावी. प्रतीबद्दल बोलायला आपल्या प्रयोगशाळेतलं कुणी यावं." दोन दिवसांनी सुधारलेली यादी आली. त्यात त्यांच्या गुणवत्ता विभागाच्या बाई होत्या. कुणी कारण विचारलं नाही, मीही अधिक बोलले नाही.

आमच्या बाजूची अडचण वेगळी होती. आमची भागीदारी संस्था आहे. अण्णा, त्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही काका म्हणतो, आणि थोरल्या भावाच्या माघारी त्यांच्या वहिनी, असे तीन भागीदार. रोजचा सगळा व्यवहार अण्णाच करतात, त्यामुळे सहीलाही तेच पुरेसे असं सगळे धरून चालले होते. आमच्या वकीलबाईंनी मात्र बोट ठेवलं. मोठ्या कंपन्यांच्या करारात हमखास लवादाचं कलम असतं. आणि भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १९ प्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल किंवा तशी व्यापारी प्रथा नसेल तर, संस्थेचा वाद लवादाकडे सोपवण्याचा अधिकार एकट्या भागीदाराला गृहीत धरता येत नाही. म्हणजे अण्णांनी टेबलावर "लवाद चालेल" म्हटलं असतं आणि उद्या वाद उभा राहिला असता तर त्या होकारावरच बोट ठेवलं गेलं असतं. मी तिघांच्या सह्यांचं अधिकारपत्र केलं. वहिनी सहीला बसल्या तेव्हा म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी विचारायला आलं." त्यांना मी पाऊण तास बसून सगळं समजावून सांगितलं. तो वेळ त्या तेवीस दिवसांतला सगळ्यात चांगला गेलेला वेळ, असं मला अजून वाटतं.

वकील बसवायचे की नाही यावर दोन-तीन फोन झाले. त्यांच्या यादीत कायदा विभागाचे अधिकारी होते. ते बसणार असतील तर आमच्या वकीलबाई बसणार, हे सरळ होतं. शेवटी असं ठरलं की व्यापारी मुद्दे चालू असताना दोन्हीकडचे कायद्याचे लोक शेजारच्या खोलीत थांबतील आणि दुपारनंतर आत येतील. कायद्याचा माणूस सुरुवातीपासून आत असला की प्रत्येक जण मोजून-मापून बोलतो आणि दराचं सूत्र जुळायलाच दुपार होते.

गोपनीयतेचा करार त्यांनी स्वतःहून पाठवला. चार पानं होती. वाचल्यावर दिसलं की जपायची माहिती फक्त त्यांची होती. आम्ही त्यांचं काही बाहेर सांगायचं नाही, पण आमचं त्यांनी सांगायचं नाही असं कुठेच नव्हतं. यात त्यांचा काही डाव होता असं मी म्हणणार नाही, पुरवठादारांसाठी त्यांच्याकडे तोच नमुना असतो. मी दोन्हीकडून बंधन येईल अशी वाक्यं करून परत पाठवला आणि तो त्यांनी मान्य केला.

त्यात आणखी दोन ठिकाणी मी अडले. एक कलम होतं की तोंडी सांगितलेली माहिती पंधरा दिवसांत लेखी कळवली तरच ती गोपनीय धरली जाईल. वाचताना हे निरुपद्रवी वाटतं. पण बैठकीत दिलेली नव्वद टक्के माहिती तोंडीच असते. आपण पंधरा दिवसांत कळवलं नाही, की ती उघडी झाली. ते कलम काढायला ते तयार नव्हते, म्हणून मी त्यात भर घातली की दोन्ही बाजूंनी सही केलेलं बैठकीचं इतिवृत्त हेच लेखी कळवणं समजलं जाईल. मग इतिवृत्त त्याच दिवशी, उठायच्या आत लिहिणं आलं. त्याची तयारी मी करून ठेवली.

दुसरी जागा आमच्या जुन्या जखमेची. करारात माहिती गोपनीय होती, पण बोलणी चालू आहेत ही गोष्ट गोपनीय आहे असं कुठेही लिहिलं नव्हतं. आमचं नुकसान तर नेमकं त्यानेच झालं होतं. "दोन पक्षांत चर्चा सुरू आहे, झाली होती किंवा थांबली, हेदेखील गोपनीय माहितीत धरलं जाईल," हे एक वाक्य मी घातलं. त्यांच्या वकिलांनी ते लगेच मान्य केलं, कारण आमच्याशी बोलतायत हे त्यांच्या सध्याच्या पुरवठादाराला कळायला त्यांनाही नकोच होतं. करार पाचशे रुपयांच्या स्टँपवर केला. महाराष्ट्रात कमी स्टँपचा कागद पुराव्यात घेताना आधी उरलेली रक्कम आणि दंड भरावा लागतो. ती कटकट पाचशे रुपयांसाठी कशाला ओढवून घ्यायची.

तरीही या करारावर मी फार भार टाकला नाही. माहिती कुणाकडून फुटली हे सिद्ध करणं फार कठीण असतं, आणि फुटलेला दर कोर्ट परत आत घालून देत नाही. म्हणून काही गोष्टी द्यायच्याच नाहीत असं आम्ही ठरवलं. ज्या शेतकऱ्यांकडून आणि अडत्यांकडून आम्ही माल उचलतो त्यांची नावं दिली नाहीत. माल कुठल्या पट्ट्यातला हे सांगायचं होतं, तिथे 'भाग एक', 'भाग दोन' असं लिहिलं. दळणाचा खर्च सुटासुटा करून दिला नाही, एकत्र आकडा दिला.

जागेचा प्रश्न त्यातूनच आला. कारखान्यात नको, कारण पाहुण्यांची गाडी आली की पाच मिनिटांत एमआयडीसीभर होतं. हॉटेलचा हॉल बघायला गेले तर दारातच काळ्या फळ्यावर पांढऱ्या अक्षरांत त्या दिवशीच्या पाहुण्या कंपनीचं स्वागत लिहिलेलं. कुठल्या खोलीत, किती वाजता, सगळं. तिथूनच मागे फिरले. आमच्या सीएंचं विश्रामबागेत ऑफिस आहे, शनिवारी त्यांची माणसं नसतात. तिथल्या दोन खोल्या मागून घेतल्या. दुसरी खोली हवीच होती. एका बाजूला आपसात बोलायचं असेल तर जिन्यात उभं राहून बोलावं लागू नये.

आता मसुदा. याला सगळ्यात जास्त पत्रं गेली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. ते मोठे खरेदीदार, त्यांचा कायदा विभाग आहे, नमुना करार तयार आहे, मग पुन्हा कशाला लिहायचं? मी लिहिलं, "संपूर्ण करार आपणच लिहावा, त्याला आमची हरकत नाही. पण तो बैठकीनंतर. बैठकीत टेबलावर फक्त मुद्द्यांचा कागद असावा, आणि तो आम्ही पाच दिवस आधी पाठवतो. त्यावर आपले शेरे दोन दिवस आधी यावेत." त्यांना हे पटायला आठवडा लागला. शेवटी पटलं ते बहुधा यामुळे की मोठा करार लिहिण्याचं काम त्यांच्याकडेच राहत होतं, आणि तेवढं त्यांना महत्त्वाचं होतं. मला मुद्द्यांचा कागद हवा होता. कशावर बोलायचं ते त्या दोन पानांत ठरतं. नंतरच्या अठ्ठावीस पानांत ते नीट मांडलं जातं, एवढंच.

दोन पानं आणि नऊ मुद्दे. वर पहिली ओळ: "हा करार नव्हे. गोपनीयता आणि मुद्दा नऊ सोडून यातलं काहीही बंधनकारक नाही." मुद्दा नऊ असा होता की पुढचे तीस दिवस ते दुसऱ्या कुणाशी आणि आम्ही दुसऱ्या कुणाशी याच मालासाठी बोलायचं नाही. ही वरची ओळ विसरली तर सह्या झालेल्या मुद्द्यांच्या कागदालाच कुणी करार म्हणू शकतं.

दरात आकडा घातला नाही, सूत्र घातलं. सांगली यार्डातल्या राजापुरी हळकुंडाच्या मागच्या चार आठवड्यांच्या सरासरी भावात घट धरायची, त्यावर दळण आणि पॅकिंग, आणि त्यावर एक रिकामी जागा. समजा सरासरी किलोला दीडशे रुपये निघाली आणि घट तीन टक्के. मग शंभर किलो हळकुंडातून सत्त्याण्णव किलो पावडर मिळते आणि मालाचाच भाव किलोला एकशे चौपन्न रुपये चौसष्ट पैसे होतो. मागच्या वेळच्या करारात घट दीडशेवर टक्केवारीने मिळवली होती, म्हणजे एकशे चौपन्न पन्नास. चौदा पैशांचा फरक. महिन्याला चाळीस टनांवर तो साडेपाच हजारांच्या वर जातो, आणि कुणाच्याही नजरेला येत नाही. म्हणून आमच्या कागदात आम्ही भागाकार लिहिला आणि खाली हेच उदाहरण सोडवून दाखवलं. रिकामी जागा मुद्दाम ठेवली. सूत्रावर आधी एकमत झालं की मग भांडण एकाच आकड्यापुरतं उरतं.

पैशाच्या मुद्द्यात "माल स्वीकारल्यापासून ४५ दिवस" असं लिहिलं. त्यांच्या नमुन्यात नव्वद होते. यावर मला खोलीत वाद घालायचाच नव्हता. आमची उद्यम नोंदणी लघु उद्योग म्हणून आहे आणि २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी ठरवलं तरी मुदत पंचेचाळीस दिवसांच्या वर नेता येत नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. शिवाय अशी रक्कम मुदतीत दिली नाही तर आता त्यांना तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी धरावा लागतो. मसुद्यात मी फक्त दिवस लिहिले आणि सोबत नोंदणीचं प्रमाणपत्र जोडलं. शेरे परत आले तेव्हा त्या ओळीवर खाडाखोड नव्हती.

मुद्दा चार माझ्या मनातला होता, दीड वर्षापासूनचा. गाडी निघताना प्रत्येक लॉटचे तीन नमुने काढायचे, तिन्हींवर दोघांचं सील. एक आमच्याकडे, एक त्यांच्याकडे, तिसरा कपाटात. माल त्यांच्याकडे ओलाव्यात किंवा आणखी कशात नापास झाला तर तिसरा नमुना एनएबीएल मान्यता असलेल्या, दोघांनी आधीच ठरवलेल्या प्रयोगशाळेत जाईल आणि तिचा निकाल दोघांवर बंधनकारक. निकाल आमच्या विरुद्ध गेला तर परतीचं भाडं आणि तपासणीचा खर्च आमचा, त्यांच्या विरुद्ध गेला तर त्यांचा. हळद पावडरीत ओलावा दहा टक्क्यांच्या वर चालत नाही. आमच्याकडून नऊवर निघालेला माल पावसाळ्यात त्यांच्या गोदामात उघड्या पोत्यात पडून राहिला तर तो कुणाच्या चुकीने ओलावला, हे सीलबंद नमुन्याशिवाय कळायला दुसरा मार्गच नाही.

छपाई ऑफिसातल्याच प्रिंटरवर केली. आठ प्रती, प्रत्येकीच्या वरच्या कोपऱ्यात पेनाने एक ते आठ आकडे, आणि कुठली प्रत कुणाच्या हातात याची यादी माझ्या वहीत.

मुंबईची मंडळी महालक्ष्मीने आली. सकाळी मिरजेहून त्यांना आणायला आमची नेहमीची गाडी न पाठवता भाड्याची पाठवली, कारण आमच्या गाडीवर कारखान्याचं नाव आहे. साडेदहाला सगळे बसायच्या बेतात असताना सहावा माणूस आत आला. त्यांच्या कंपनीचा कोल्हापूरचा विक्री अधिकारी. साहेब इकडे आलेत म्हणून भेटायला आलेला. यादीत त्याचं नाव नव्हतं. आणि तो रोज इथल्याच बाजारात फिरणारा. मी खरेदीप्रमुखांना दारापाशी बोलावून हळूच म्हटलं, "साहेब, यांचं नाव आपल्यात ठरलेलं नाही." ते क्षणभर अवघडले. मग स्वतःच बाहेर गेले, त्याला काय सांगितलं माहीत नाही, पण तो चहा-भडंग घेऊन अर्ध्या तासात निघून गेला. यादी लेखी नसती तर मला हे बोलायची हिंमत झाली नसती, आणि बोलले असते तर तो अपमान ठरला असता.

सकाळ मालाची प्रत आणि नमुने यांत गेली. त्यांच्या गुणवत्तेच्या बाई आणि आमचे काका यांनी मुद्दा चारवर सव्वा तास घेतला. बाईंना सीलची पद्धत आणखी कडक हवी होती. त्यांनी सुचवलेलं सगळं आम्ही घेतलं, ते आमच्याही भल्याचं होतं. दराचं सूत्र दहा मिनिटांत मान्य झालं, भागाकारासकट. रिकाम्या जागेतला आकडा मी इथे लिहिणार नाही.

अडलं ते एकच्या सुमाराला. आम्ही दुसऱ्या कुणालाच हळद पावडर विकायची नाही, असं त्यांना हवं होतं. अण्णांचा आवाज चढला. इचलकरंजीचं ते गिऱ्हाईक वर्षभर खपून परत जोडलेलं, आणि आता त्यालाच नाही म्हणायचं? मी वीस मिनिटं मागितली आणि आम्ही दुसऱ्या खोलीत गेलो. तिथे वकीलबाई होत्याच. त्यांनी विचारलं, "त्यांना नेमकी भीती कसली आहे? तुम्ही दुसऱ्याला विकण्याची, की त्यांचा माल कमी पडण्याची?" परत आल्यावर अण्णांनी हाच प्रश्न शांतपणे विचारला. खरेदीप्रमुख म्हणाले, "हंगाम वाईट गेला तर चाळीस टन आधी आमचे निघायला हवेत." मग ओळ बदलली. महिन्याचे चाळीस टन भरल्याशिवाय दुसरीकडे माल जाणार नाही, आणि त्यांच्या बारीकपणाचं आणि त्यांच्या पॅकिंगचं उत्पादन दुसऱ्या कुणासाठी करणार नाही. बाकी विक्रीला आम्ही मोकळे. हे त्यांनी बोर्डापुढे ठेवायचं म्हणून 'सशर्त' असं लिहून घेतलं.

चार वाजता मी इतिवृत्त वाचून दाखवलं. नऊपैकी सहा मान्य, दोन सशर्त, आगाऊ रकमेचा एक बाकी. कुणी कुठली माहिती तोंडी दिली त्याची पाच ओळींची यादी खाली जोडली होती. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या झाल्या. मग प्रती गोळा केल्या तर सातच. वहीत बघितलं, सहा नंबरची प्रत त्यांच्या कायदा अधिकाऱ्यांची. त्यांनी बॅग उघडली, फाइलीत गेली होती. "सॉरी ताई," म्हणून त्यांनी ती परत दिली. दोन प्रती ठेवून बाकीच्या तिथेच श्रेडरमध्ये घातल्या.

इचलकरंजीहून या वेळी फोन आला तो नेहमीच्या ऑर्डरचा. मुंबईचा पूर्ण करार सव्वीस दिवसांनी आला, अठ्ठावीस पानांचा. मी आमची दोन पानं शेजारी ठेवून वाचायला बसले. तिसरा सीलबंद नमुना अकराव्या पानावर होता. त्यांच्या बाईंनी सुचवलेल्या दोन सुधारणा सोडल्या तर शब्दही आमचेच होते.